भाड्यातली कपात आणि सातबाऱ्यावरची नावे

जागेचे भाडे महिन्याला ५० हजार रुपयांच्या वर गेले की भाडेकरूने त्यातून आयकर कापून सरकारजमा करायचा आणि उरलेले मालकाला द्यायचे, असा टीडीएसचा नियम आहे. २०२४-२५ पर्यंत कंपन्या व मोठ्या व्यावसायिकांसाठी ही मर्यादा वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला सरासरी २० हजार होती. ती १ एप्रिल २०२५ पासून दरमहा ५० हजार झाली. त्यामुळे महिना ३० हजार भाडे घेणाऱ्या मालकाचे वर्षाला ३६ हजार रुपये कापले जात, ते थांबले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी मर्यादा तीच आहे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा प्रश्न येतो तो मुख्यतः गोदामे आणि शेड यांच्याबाबत. मुंबई-नाशिक महामार्गालगत वाशिंद-आसनगाव पट्ट्यात किंवा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास भाडेकरू बहुधा कंपनी असते आणि मालक शेतकरी कुटुंब. कंपनीला इमारत वा जमिनीच्या भाड्यावर दरमहा १० टक्के कपात करावी लागते. शेतजमिनीवर उभे असले तरी गोदामाचे भाडे सहसा शेतीचे उत्पन्न ठरत नाही. आपण शेतकरी, आपल्याला कर नाही, या समजुतीवर अनेक घरे विवरणपत्रच भरत नाहीत आणि कापलेली रक्कम सरकारकडेच राहते.

खरी अडचण मात्र सातबाऱ्यावरच्या नावांची आहे. समजा, वडिलांच्या पश्चात दोन भाऊ आणि एक बहीण अशी तिघांची नावे वारस नोंदीने लागली आहेत, तिघांचा हिस्सा सारखा आहे आणि गोदामाला महिना १ लाख २० हजार भाडे येते. भाडेकरार एकट्या थोरल्या भावाच्या नावाने झाला, तर कंपनी दरमहा १२ हजार, वर्षाला १ लाख ४४ हजार कापते. कपातीची नोंद थोरल्याच्याच पॅनवर होते आणि १४ लाख ४० हजारांचे सगळे भाडे आयकर खात्याला त्याचेच उत्पन्न दिसते. त्याला नोकरीचा पगार असेल, तर तिघांच्या उत्पन्नाचा कर त्याच्या एकट्याच्या वरच्या टप्प्याने लागण्याची वेळ येते.

करारात तिघांची नावे, हिस्से आणि पॅन लिहून भाडे तीन खात्यांत वेगवेगळे जमा केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० हजार येतात आणि कपातच होत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ८ ऑगस्ट १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७१५ मध्ये हे स्पष्ट आहे: सहमालकांचे हिस्से निश्चित असतील, तर मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्रपणे लागू होते. केवळ कपात टाळण्यासाठी बनावट करार करू नयेत, अशी तंबीही तिथेच दिली आहे. म्हणून हिस्सा कागदावर खरा असावा लागतो. सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र असून हिस्से नमूद नसतील, तर कंपनीचा हिशेबनीस धोका पत्करत नाही आणि पूर्ण रकमेवर कपात करतो. अशा कुटुंबाने आधी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेणे बरे. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे पण भाडेकरारात नाही, ही सवय तर सोडलीच पाहिजे. तिचे उत्पन्न भावाच्या नावावर दाखवणे तिच्यावर अन्याय आहे आणि भावालाही महागात पडते.

करार आधीच एकाच्या नावाने झाला असेल, तर आयकर नियमांखाली थोरल्याने कंपनीला लेखी घोषणापत्र द्यावे. त्यात इतरांचे पॅन, हिस्से आणि कारण लिहिले की कंपनी कपातीची नोंद त्या त्या व्यक्तीच्या नावावर दाखवू शकते. परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर कपात होत नाही. जीएसटी करारात वेगळा दाखवला असेल, तर त्यावरही नाही.

भाडेकरू साधी व्यक्ती असेल, मागील वर्षी तिची उलाढाल धंद्यात १ कोटीच्या आणि व्यवसायात ५० लाखांच्या आत असेल, तर नियम वेगळा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के आहे आणि कपात वर्षातून एकदाच, मार्चच्या किंवा जागा सोडतानाच्या शेवटच्या भाड्यातून होते. महिना ५५ हजारांच्या दुकानाचे वर्षाचे भाडे ६ लाख ६० हजार, त्यावर १३ हजार २०० रुपये. यासाठी टॅन क्रमांक लागत नाही. २०२५-२६ पर्यंतच्या भाड्यासाठी महिना संपल्यापासून ३० दिवसांत २६क्यूसी नमुना भरायचा असतो. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये शुल्क, कमाल कपातीच्या रकमेइतके. मालकाने पॅन दिला नाही, तर दर २० टक्के होतो. या उदाहरणात कर १ लाख ३२ हजार भरतो, पण शेवटच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त कापता येत नाही. म्हणजे मालकाच्या हाती त्या महिन्याचा एक रुपयाही येत नाही.