खाणीचे भाडे: करारातील एक ओळ ठरवते लाखोंचा फरक

खाण भाड्याने घेतली की जमीनमालकाला प्रत्येक टनामागे रॉयल्टी द्यावी लागते. पण माल निघालाच नाही तर? मालकाचे उत्पन्न थांबू नये आणि कोणी खाण नुसती अडवून ठेवू नये, म्हणून करारात किमान भाडे ठरलेले असते. रॉयल्टी त्यापेक्षा कमी भरली, तर फरकाची रक्कम भाडेकरूला खिशातून भरावी लागते. हिशेबात या फरकाला ‘शॉर्ट वर्किंग’ म्हणतात. करारात सोय असेल, तर पुढे रॉयल्टी वाढल्यावर ही तूट वळती करून घेता येते. प्रश्न असतो, किती वर्षांपर्यंत?

एक काल्पनिक उदाहरण

किमान भाडे वर्षाला १० लाख रुपये आणि रॉयल्टी टनाला १०० रुपये आहे, असे समजू. पहिल्या वर्षी ४ हजार टन माल निघाला. रॉयल्टी ४ लाख, तूट ६ लाख. दुसऱ्या वर्षी ७ हजार टन, तूट ३ लाख. तिसऱ्या वर्षी रॉयल्टी १२ लाख झाली, म्हणजे २ लाख जास्त. चौथ्या वर्षी ती १५ लाख, म्हणजे ५ लाख जास्त.

करारात ‘पहिल्या चार वर्षांत वजावट’ असे असेल, तर ९ लाखांच्या तुटीपैकी ७ लाख परत मिळतात. २ लाख बुडतात.

‘प्रत्येक वर्षाची तूट पुढच्या दोन वर्षांतच’ असे असेल, तर पहिल्या वर्षाच्या ६ लाखांपैकी तिसऱ्या वर्षी फक्त २ लाख वसूल होतात. उरलेल्या ४ लाखांची मुदत तिथेच संपते. दुसऱ्या वर्षाचे ३ लाख मात्र चौथ्या वर्षी मिळतात. खाण तीच, माल तेवढाच, पण नुकसान दुप्पट.

सरकारी खाणपट्ट्यात काय?

१९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम ९अ नुसार डेड रेंट किंवा रॉयल्टी, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भरायची. मागची तूट पुढे वळती होत नाही. वरचेच आकडे धरले, तर पूर्ण ९ लाख जातात. पट्टा घेऊन खनिज तसेच पडू देणाऱ्यांना चाप लावायचा, तर हा नियम योग्यच आहे.

खासगी करारात मात्र दुसरी, फिरती मुदत अन्यायाची ठरते. सुरुवातीची वर्षे वरची माती हटवण्यात आणि रस्ते करण्यात जातात. सर्वांत मोठी तूट तेव्हाच येते आणि सर्वांत आधी तीच बुडते. म्हणून मुदत पहिल्या वर्षापासून एकत्र मोजावी. संप झाला तर त्या काळापुरते किमान भाडे कमी होईल, हेही लिहून घ्यावे.

खाणमालाच्या कंपनीचा ताळेबंद पाहणाऱ्यांनीही एक तपासावे. मुदत संपलेली तूट ‘येणे’ म्हणून दाखवली असेल, तर ती मालमत्ता नाही. तो तोटा आहे.