पीपीएफ की एनपीएस? आधी सॅलरी स्लिप बघा!

पहिली नोकरी लागली की घरचे सांगतात, 'पीपीएफ काढ, सरकारी आहे, पैसे बुडत नाहीत.' ऑफिसातला सीनियर म्हणतो, 'एनपीएस घे, पेन्शन मिळेल.' माझ्या एका मैत्रिणीचं नुकतंच असं झालं. दोघांचं ऐकून तिने काहीच केलं नाही. तुमचंही हेच होणार असेल, तर थोडं थांबा.

दोघांत फरक काय? पीपीएफचं व्याज सरकार ठरवतं. पैसे सुरक्षित असतात, पण दर कायमचा नसतो. एप्रिल 2020 मध्ये तो 7.9 वरून 7.1 टक्क्यांवर आला. एनपीएसमध्ये तुमच्या पैशाचा काही भाग शेअर्समध्ये जातो, त्यामुळे परताव्याची हमी नाही.

आता हिशेब करू. वय 22, दरवर्षी एप्रिलमध्ये 24 हजार, साठाव्या वर्षापर्यंत. म्हणजे खिशातून गेले 9 लाख 12 हजार. 7.1 टक्के दर तसाच राहिला तर पीपीएफमध्ये सुमारे 45 लाख होतात. एनपीएसने सरासरी 9 टक्के दिले असं धरलं (हा अंदाज आहे, वचन नाही), तर सुमारे 74 लाख. पण महागाई वर्षाला 5 टक्के धरली, तर त्या 45 लाखांची किंमत आजच्या फक्त 7 लाखांइतकी. पैसे बुडाले नाहीत, पण म्हातारपणही निघणार नाही!

म्हणून आधी सॅलरी स्लिप बघा. त्यात पीएफ कापला जात असेल, तर ठरावीक व्याजाची बचत तुमच्याकडे आधीच आहे. पीपीएफ म्हणजे तेच पुन्हा. अशा वेळी जादा पैसे एनपीएसमध्ये टाकणं मला पटतं. कंपनी तुमच्या नावाने एनपीएस भरते का, हेही एचआरला विचारा. नव्या करप्रणालीत पीपीएफवर वजावट मिळत नाही, पण कंपनीच्या या हप्त्यावर बेसिक आणि डीएच्या 14 टक्क्यांपर्यंत मिळते.

एनपीएसचा तोटाही ऐका. हा पैसा मुळात निवृत्तीसाठी अडकलेला असतो. शेवटी मोठ्या रकमेतल्या ठरावीक हिश्श्यातून पेन्शन विकत घ्यावी लागते आणि त्या पेन्शनवर कर लागतो. पीपीएफची सगळी रक्कम मात्र करमुक्त हातात येते.

त्यामुळे पीएफ कापतच नसेल, तर आधी पीपीएफ. कापत असेल, तरी वर्षाला किमान 500 रुपये भरून पीपीएफ खातं चालू ठेवा. पंधरा वर्षांची मुदत खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून मोजली जाते. बाविसाव्या वर्षी आपल्याकडे पैसा कमी असतो, वर्षं भरपूर असतात. ती वाया घालवू नका.