कन्सोलला माउस जोडताना

भालकी, औराद, आळंद भागातली आपली बरीच मुलं आधी कॉम्प्युटरवर गेम शिकतात आणि मग घरात प्लेस्टेशन येतो. हातात कंट्रोलर दिला की नेम लागत नाही. मग प्रश्न येतो, "दादा, कीबोर्ड-माउसचा अ‍ॅडॉप्टर घेऊ का?" माझ्या भालकीच्या मामेभावानं दिवाळीत हेच विचारलं. शिष्यवृत्तीचे साठवलेले पैसे तो त्यात घालणार होता. त्याच्याच गेमची यादी धरून बोलू या.

आधी अ‍ॅडॉप्टर काय करतो ते बघा. माउस सांगतो, "मी एवढा सरकलो." कंट्रोलरची काडी सांगते, "मला एवढी झुकवली आहे, या वेगानं वळत राहा." एक अंतर सांगतो, दुसरी वेग. झिम किंवा क्रोनस झेनसारखी डबी माउसची हालचाल वाचते, तिचं काडीच्या झुकावात भाषांतर करते आणि गेमला कंट्रोलरच जोडला आहे असं भासवते.

या भाषांतराला मर्यादा आहे. समजा, काडी पूर्ण झुकवल्यावर गेममधला माणूस सेकंदाला ३६० अंश वळतो. मागून गोळी आली म्हणून तुम्ही एक दशांश सेकंदात माउस झटकलात. डबी काडी पूर्ण झुकवण्यापलीकडे काही करू शकत नाही, म्हणून वळण मिळतं ३६ अंश. हवं होतं १८०. उलट, काडी मध्याजवळ किंचित हलली तर गेम ती हालचाल मुद्दाम सोडून देतो. या भागाला डेडझोन म्हणतात. माउस अगदी सावकाश सरकवून बघा. नेम आधी जागचा हलला नाही आणि मग एकदम उडाला, तर डबीनं डेडझोन नीट भरून काढलेला नाही. म्हणून अशी डबी वापरणारे गेममध्ये डेडझोन सर्वांत कमी आणि संवेदनशीलता सर्वांत जास्त ठेवतात, आणि बाकीची जुळणी डबीच्या सेटिंगमध्ये करतात.

आता यादी. पहिला गेम फोर्टनाइट. त्याला डबी लागतच नाही. साधा यूएसबी कीबोर्ड आणि माउस थेट पीएस४ ला जोडला की चालतो. एक्सबॉक्स वनवर ही सोय नोव्हेंबर २०१८ मध्ये आली आणि फोर्टनाइट व वॉरफ्रेम हे तिचे पहिले गेम होते. २०१९ चा कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर आणि फायनल फँटसी १४ हेही पीएस४ वर माउस घेतात. इथे माउस माउस म्हणूनच ओळखला जातो, त्यामुळे वर सांगितलेली वळणाची अडचण येत नाही. पण कंट्रोलरवाल्यांना नेम धरायला मिळणारी मदत, म्हणजे एम असिस्ट, तुम्हाला मिळत नाही.

दुसरा गेम जीटीए ५. त्याची पीएस४ आवृत्ती माउस घेत नाही. एकट्यानं कथा खेळायची असेल तर डबी वापरून कुणाचं नुकसान होत नाही. फक्त वळण जरा जड वाटेल.

तिसरा रेनबो सिक्स सीज, आणि खरी गोम इथे आहे. ऑनलाइन सामन्यात डबीवाल्याला माउसचा अचूकपणा मिळतो आणि समोरच्याला वाटतं की हा आपल्यासारखाच कंट्रोलरवर खेळतोय. कंट्रोलरला एम असिस्ट देणाऱ्या गेममध्ये तीही मदत वर मिळते. म्हणून २०२३ मध्ये युबिसॉफ्टनं सीजसाठी माउसट्रॅप आणला. तेव्हा कन्सोलवर डबी ओळखू आली की तो लगेच हाकलत नसे, तर तुमच्या हालचालीला हळूहळू उशीर लावत असे. बटण आत्ता दाबलं, गोळी मागाहून सुटली, असं सामन्यागणिक वाढत जायचं. डबी काढून काही सामने खेळलात की उशीर उतरायचा. त्याच वर्षी कॉल ऑफ ड्यूटीच्या रिकोशे यंत्रणेनंही अशा डब्या पकडायला सुरुवात केली. तिथे आधी इशारा मिळतो आणि तरी वापरत राहिलात तर खात्यावर बंदी येऊ शकते. खातं गेलं की त्यावर जमवलेलं सगळं गेलं.

भावाचा हिशेब सोपा निघाला. फोर्टनाइटला डबी नको, सीजला ती चालत नाही, उरली फक्त जीटीएची कथा. तेवढ्यासाठी त्यानं खर्च केला नाही.

तुमच्याकडे यादी वेगळी असेल तर खरेदीआधी घरातलाच कीबोर्ड-माउस थेट कन्सोलला लावा आणि गेम उघडा. पडद्यावर कंट्रोलरच्या बटणांऐवजी कीबोर्डच्या कळा दिसू लागल्या आणि माउसनं नजर फिरली, तर तो गेम माउस घेतो. नुसती अक्षरं टाइप होत असतील तर घेत नाही. आणखी एक लक्षात ठेवा. पीएस५ वर पीएस४ चा कंट्रोलर फक्त पीएस४ च्या गेमना चालतो. त्यामुळे पीएस४ चा कंट्रोलर असल्याचं भासवणारी डबी पीएस५ च्या गेमला चालेल असं धरून पैसे देऊ नका.