दोन भाचे, एक मावशी

अमरावतीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलीचा निकाह अकोल्यात ठरला आणि मुलाकडच्यांनी नेमका तोच दिवस धरला, ज्या दिवशी मुलीचे वडील उमऱ्यासाठी इहराम बांधून मक्केच्या वाटेवर असतील. वडिलांनी तिथून फोनवर संमती द्यायची, असे ठरत होते. मुलीचे चुलते म्हणाले, ‘आपण हनफी, आपल्यात चालते.’ मामेभाऊ म्हणाला, ‘सहीह हदीसमध्ये साफ मनाई आहे.’ दोघांनीही हदीस दाखवली. त्या विचारतात, ‘दोन्ही खऱ्या, मग मानायची कोणती?’

फोनचा प्रश्न वेगळा आहे, तो आज बाजूला ठेवू. हदीसचा प्रश्न मात्र जुना आहे आणि तो एका घरातच सुरू होतो.

हिजरी सन ७ मध्ये उमरतुल कजाच्या प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांचा निकाह हजरत मैमूना (रजि.) यांच्याशी झाला. हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात की तेव्हा प्रेषित (स.) इहराममध्ये होते. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. यजीद बिन असम सांगतात की खुद्द हजरत मैमूना (रजि.) यांनीच त्यांना सांगितले, निकाह इहरामबाहेर झाला. ही हदीसही मुस्लिममध्येच आहे. गंमत अशी, की इब्ने अब्बास आणि यजीद हे दोघेही हजरत मैमूनांच्या बहिणींची मुले. मावशी एक, भाचे दोन आणि गोष्टी दोन.

इथे उलमांनी आधी पाहिले ते हे, की दोन्ही एकत्र बसवता येतात का. याला ‘जमअ’ म्हणतात. इब्ने हिब्बान म्हणाले, अरबीत ‘मुहरिम’ म्हणजे हरमच्या हद्दीत असलेला, असाही अर्थ निघतो. इब्ने अब्बासांना तेच म्हणायचे असावे. अर्थ निघतो खरा, पण आम्हाला तो ओढून आणलेला वाटतो. पुष्कळ उलमांनाही तो पटला नाही.

जमअ जुळला नाही, की कोणता हुकूम नंतरचा, हे पाहतात. नंतरचा आधीच्याला रद्द करतो, तो ‘नस्ख’. पण इथे दोन्ही कथने एकाच घटनेची आहेत, म्हणून तो मार्ग बंद. उरते ‘तरजीह’, म्हणजे एकीला वजन देणे. (हनफी उसूलमध्ये क्रम थोडा निराळा आहे, तरजीह जमअच्या आधी येते.)

इमाम मालिक, शाफई आणि अहमद यांच्या बाजूचे म्हणणे असे, की जिचा निकाह, तिलाच जास्त ठाऊक. शिवाय निरोप नेणारे अबू राफे (रजि.) हेही इहरामबाहेरच म्हणतात. इब्ने अब्बास तेव्हा दहाएक वर्षांचे होते. हनफी बाजूने इमाम तहावींनी तराजूत दुसरे माप टाकले. इब्ने अब्बासांकडून ऐकणारे सईद बिन जुबैर, अता, ताऊस, मुजाहिद असे फिकहचे जाणकार. यजीद त्या तोडीचे नाहीत. म्हणजे एकाने घटनेजवळचा माणूस पाहिला, दुसऱ्याने सांगणाऱ्याची समज पाहिली. दोन्ही मापे खरीच आहेत, म्हणून तर वाद मिटला नाही.

आता मामेभावाची हदीस. हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडून आलेली: इहराममधल्याने निकाह करू नये, कोणाचा लावून देऊ नये, मागणी घालू नये. तीन इमाम म्हणतात, प्रेषितांची कृती त्यांच्यापुरती खास असू शकते, पण शब्द सर्व उम्मतसाठी असतो. म्हणून असा निकाह होतच नाही. हनफी उत्तर देतात, मागणी घातल्याने पुढचा निकाह बातील होतो असे तुम्हीही म्हणत नाही. मग त्याच वाक्यातले बाकीचे दोन शब्द तरी बातील ठरवणारे कसे? तहावी आणखी म्हणतात, इहराममधला माणूस अत्तर विकत घेऊ शकतो, फक्त लावू शकत नाही. तसाच करार होतो, सहवास नाही.

या हदीसमागचा प्रसंग आमच्या भगिनीच्या घरासारखाच आहे. उमर बिन उबैदुल्लाह यांनी हजच्या दिवसांत मुलाचा निकाह ठरवला आणि हजचे अमीर अबान यांना बोलावणे धाडले. अबान हे हजरत उस्मानांचे चिरंजीव. त्यांनी वडिलांची हीच हदीस सांगून नकार दिला.

म्हणजे चुलतेही चुकले नाहीत आणि मामेभाऊही. पण निकाह होणार मुलीचा, आणि उद्या कोणी त्यावर बोट ठेवू नये. उमऱ्याचा तवाफ, सई झाली, केस उतरवले की इहराम सुटतो. मक्केला पोहोचल्यावर हे बहुधा काही तासांतच आटोपते. तारीख एक-दोन दिवस पुढे घेतली, तर चारही इमामांच्या मते इहरामची अडचण उरत नाही. आम्ही त्यांना तसेच कळवले आहे. मुलाकडचे सोमवार म्हणताहेत.