दुसऱ्याच्या बोलण्यावर कात्री चालवण्याआधी

ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या सोसायट्या, वाचनालयं आणि उत्सव मंडळं यांच्या स्मरणिका बहुतेक वेळा हौशी मंडळीच तयार करतात. लेख येतो अठराशे शब्दांचा, जागा असते सहाशेची आणि छापखान्याची तारीख उद्यावर आलेली असते. अशा घाईत माणसांची अवतरणं सरसकट उडवली जातात, नाहीतर हवी तशी छाटली जातात. तुमच्या हाती असा लेख असेल, तर कात्री लावण्याआधी प्रत्येक अवतरणाला एकच प्रश्न विचारा: यातली माहिती महत्त्वाची आहे, की ते याच माणसाने याच शब्दांत म्हटलं हे महत्त्वाचं आहे?

कल्याणच्या पत्रीपुलावरचा लेख आपल्या हाती आहे असं धरू. हा ब्रिटिशकालीन पूल धोकादायक ठरल्याने २०१८ मध्ये बंद करून पाडला गेला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. मधल्या काळातल्या कोंडीबद्दल लेखात पाच जण बोलतात. (पुढची विधानं मी उदाहरणासाठी रचली आहेत.)

तिघे रहिवासी सांगतात की वळसा घालून जाण्यात फार वेळ जायचा. इथे तिन्ही अवतरणं ठेवायची गरज नाही. त्यांतली एक आई म्हणते, ‘‘शाळा सातची, पण आम्ही सहालाच घराबाहेर पडायचो.’’ हे एक ठेवा, कारण त्यात तपशील आहे. उरलेल्या दोघांसाठी लेखकाच्या वाक्यात ‘इतर रहिवाशांचाही हाच अनुभव होता’ एवढं पुरे. रिक्षाचालक पूल कधी बंद झाला आणि वाहतूक कुठून वळवली ते सांगतो. ती निव्वळ माहिती आहे. कागदपत्रांवरून पडताळा आणि आपल्या शब्दांत लिहा.

खरी परीक्षा पाचव्या अवतरणाची. अभियंता म्हणतो, ‘‘गर्डर वेळेत आले आणि रेल्वेने ब्लॉक दिला, तर पूल पुढच्या वर्षी सुरू होईल.’’ जागेसाठी कुणी पहिला अर्धा भाग कापतो आणि छापतो, ‘‘पूल पुढच्या वर्षी सुरू होईल.’’ प्रत्येक शब्द त्याचाच, तरी त्याने न दिलेलं वचन त्याच्या तोंडी गेलं. उशीर झाला की वाचक त्याला खोटारडा म्हणणार, आणि ब्लॉक देणं तर त्याच्या हातातच नव्हतं. ‘तर’, ‘पण’, ‘तोपर्यंत’, ‘बहुतेक’, ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द अवतरणातून कापू नका. आपल्या शब्दांत सांगायला गेलात, तर दोन्ही अटींसह वाक्य जवळपास तेवढंच लांब होतं. मग ते मूळ स्वरूपातच का ठेवू नये? आश्वासन, आरोप, कबुली आणि नकार शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत राहू द्या. त्यासाठी लागणारी जागा वर्णनातून काढा.

छाटायचंच असेल तर सुरुवातीचं नमन किंवा शेवटची पुनरुक्ती काढा. मधला भाग गाळला तर तिथे तीन टिंबं द्या. लांबची दोन वाक्यं चिकटवून एक अवतरण कधीही करू नका. दोन वेगळी अवतरणं करा आणि मध्ये ‘पुढे ते म्हणाले’ घाला.

मराठीत आणखी एक फसगत होते. ‘की’ वापरल्यावरही बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहतो: अध्यक्ष म्हणाले की मी राजीनामा देणार नाही. अवतरणचिन्हं काढून टाकली, तर हे त्यांचे नेमके शब्द आहेत की तुमचा सारांश, हे वाचकाला कळत नाही. सारांश असेल तर तो उघड दिसू द्या: ‘राजीनामा देण्यास अध्यक्षांनी नकार दिला.’ आणि ‘म्हणाले’च्या जागी सहज ‘कबूल केलं’ लिहू नका. त्याने माणूस आपोआप दोषी ठरतो. तसंच ‘असा रहिवाशांचा आरोप आहे’ हे शेपूट गळलं, की आरोप तुमच्या अंकाचं मत बनतो.

डोंबिवलीच्या आसपासच्या गावांतली माणसं आगरी बोलीत बोलतात. ते बोलणं पुस्तकी मराठीत ‘सुधारून’ अवतरणचिन्हांत घालू नका. बोली ठेवा, किंवा चिन्हं काढून आशय आपल्या शब्दांत सांगा.

कापून झाल्यावर लेख वरून खाली एकदा फक्त नावांसाठी वाचा. ज्या अवतरणाशेजारी माणसाची ओळख दिली होती तेच उडालं असेल, तर पुढे नुसतं आडनाव अधांतरी लटकतं. ‘त्यांनी’, ‘यावर’, ‘हे’ कुणाकडे बोट दाखवतात तेही पाहा. मग छाटलेली अवतरणं मूळ लेखाशेजारी ठेवून लेखकाला दाखवा, आणि वचन किंवा आरोप असलेलं विधान बदललं असेल तर त्या माणसाला फोनवर वाचून दाखवा. फोन लागला नाही, तर ते विधान मूळ रूपात पूर्ण छापा, नाहीतर पूर्ण वगळा.