तोंडी तक्रार साहेबाच्याच कामाची

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला एखादा कामगार किंवा मारुती मंदिर परिसरातल्या एखाद्या वित्तसंस्थेतली कर्मचारी घरी येऊन सांगते की साहेब रोज चारचौघांत पाणउतारा करतात, मुद्दाम रजा अडवतात, फोनवर शिव्या घालतात. रत्नागिरीत तिला दोन सल्ले हमखास मिळतात. घरची वडीलधारी माणसे म्हणतात, "एकदा शांतपणे बोलून बघ गो, माणूस काय राक्षस नसतो." पुण्या-मुंबईला नोकरी करणारा भाऊ म्हणतो, "सरळ एचआरकडे जा." दोघांनाही तिची काळजी असते. पण छळ महिनोन्महिने चालू असेल तर हे दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, आणि अर्धवट सल्ल्यावर चालणारी माणसे कुठवर जाऊन पोहोचतात हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या हरिसाल येथे वनपरिक्षेत्र अधिकारी असलेल्या दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 रोजी आत्महत्या केली. मागे ठेवलेले पत्र त्यांनी प्रकल्पाच्या क्षेत्रसंचालकांना, म्हणजे आपल्या वरिष्ठाच्याही वरिष्ठाला उद्देशून लिहिले होते. त्यात आरोप होते ते त्यांचे थेट वरिष्ठ असलेल्या उपवनसंरक्षकावर: लोकांसमोर शिवीगाळ, अडवलेला पगार, गरोदर असताना जंगलातून करायला लावलेली पायपीट. या अधिकाऱ्याबद्दल आपण तुम्हाला वारंवार सांगितले, तरी काही झाले नाही, हीही तक्रार त्या पत्रात होती. फौजदारी खटल्यात काय टिकेल हे न्यायालय ठरवील. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मृत्यूनंतर उपवनसंरक्षकाला अटक झाली, आणि आठवडाभरात शासनाने क्षेत्रसंचालकांवरही कारवाई केली. हीच यंत्रणा, हेच अधिकारी, हेच नियम त्यांच्या हयातीतही होते. तेव्हा वरिष्ठांच्या कानावर घातलेल्या गोष्टीची दखल घेणे कुणावरही बंधनकारक झाले नाही. पत्र कागदावर आले तेव्हा लिहिणारी उरली नव्हती.

त्या गणवेशातल्या अधिकारी होत्या, हाताखाली कर्मचारी होते, धडाडीबद्दल नाव होते. त्यांची ही गत, तर कंत्राटी पोराची काय होत असेल?

म्हणून आधी बोलावे की आधी तक्रार करावी, याचे उत्तर स्वभावावर सोडता येत नाही. ते एका प्रश्नावर ठरते: समोरच्याच्या हातात तुमचे काय आहे? तो बरोबरीचा सहकारी असेल, टोमणे मारत असेल, प्रकार नवा असेल, तर बोलणे बरे. बरेच प्रसंग तेवढ्यावर मिटतात, कारण पुष्कळांना आपली जीभ कुठवर गेली याचा पत्ताच नसतो. पण हजेरी, पाळी, रजा, पगारवाढ आणि गोपनीय अहवाल ज्याच्या सहीने ठरतो, त्याच्याशी एकट्याने बंद केबिनमध्ये बोलायला जाणे म्हणजे आपण तक्रार करणार आहोत हे त्याला आगाऊ कळवणे. दुसऱ्या दिवसापासून मेमो सुरू होतात. मग तक्रार जाते तेव्हा फाइलमध्ये "कामात हलगर्जी" असे तीन कागद आधीच लागलेले असतात आणि एचआरला वाटते, मेमो मिळाले म्हणून हा आता बोंब मारतो आहे.

तरीही बोलायचे असेल तर दिवसाढवळ्या, दार उघडे असताना, एकाच वागणुकीबद्दल आणि दोन वाक्यांत बोलावे. "काल पॅकिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्या वडिलांवरून बोललात, ते मला चालणार नाही. कामातली चूक असेल तर जरूर सांगा." एवढे पुरे. त्याच संध्याकाळी तोच मजकूर सभ्य शब्दांत ईमेलने पाठवावा: "आज सकाळी आपले जे बोलणे झाले त्यानुसार..." हा ईमेल गेला नाही तर ते बोलणे झालेच नाही असे समजावे. उत्तर नाही आले तरी चालते, पाठवल्याची तारीख राहते. आणि लैंगिक स्वरूपाचा त्रास, जातीवरून अपमान, मारहाण किंवा जिवाची धमकी असेल तर आधी बोलून बघण्याचा प्रश्नच येत नाही. तो सल्ला देणाऱ्याने तोंड आवरावे.

आता एचआर. रत्नागिरीतल्या कितीतरी आस्थापनांत एचआर म्हणजे पगारपत्रक, पीएफ आणि गेटपास पाहणारा एकच माणूस. त्याचा मुख्य साहेब पुण्याला किंवा मुंबईला, आणि इथल्या प्लांट मॅनेजरबरोबर त्याचा दुपारचा डबा. त्याला जाऊन सांगितलेली गोष्ट चहा संपायच्या आत मॅनेजरच्या केबिनमध्ये पोहोचते. गाव लहान, सोयरीकही निघते. यात त्या माणसाला दुष्ट ठरवायचे कारण नाही. एचआरचा पगार कंपनी देते आणि कंपनीला धोक्यातून वाचवणे हे त्याचे काम आहे. कर्मचाऱ्याने हे गृहीत धरूनच त्याच्याकडे जावे, कारण याच गोष्टीचा उपयोगही आहे. तोंडी सांगितले तर कंपनीपुढचा धोका म्हणजे तुम्ही. लेखी दिले तर धोका म्हणजे तो मॅनेजर, कारण "आम्हाला माहीत नव्हते" हे वाक्य आता कंपनीला कधीही म्हणता येत नाही.

लेखी म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यावे. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक तक्रारी "साहेब मला सतत मानसिक त्रास देतात, तरी न्याय मिळावा" अशा असतात. यावर चौकशी करणारा काय चौकशी करणार? समजा, मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात एक मुलगा तापमानाच्या नोंदी ठेवतो. त्याने असे लिहावे: "दि. 3, सकाळी 9.40, पॅकिंग विभाग. शीतगृहाची नोंद वीस मिनिटे उशिरा केली म्हणून शिफ्ट इनचार्ज म्हणाले, 'बापाच्या वशिल्याने चिकटलास, अक्कल घरी ठेवून येतोस काय?' त्या वेळी अमुक दोघे हजर होते. त्याच पाळीत आणखी दोन नोंदी तितक्याच उशिरा झाल्या, त्या व्यक्तींना काही म्हटले गेले नाही." यातले शेवटचे वाक्य सगळ्यांत मोलाचे, कारण कडक साहेब आणि छळणारा साहेब यांतला फरक तिथेच दिसतो. कडक साहेब सगळ्यांना एकच नियम लावतो आणि कामावर बोलतो. छळणाऱ्याचा नियम एकाच माणसासाठी असतो आणि बोलणे बाप, जात, रूप, गाव यांवर जाते. अशा पाच-सहा नोंदी दीड-दोन महिन्यांत जमल्या की तक्रारीला कणा येतो. स्वीडनमध्ये या विषयाचा अभ्यास करणारे हाइन्झ लेमान यांनी आठवड्यातून एकदा तरी आणि सहा महिने, अशी मोजपट्टी वापरली होती. ती संशोधकांनी वापरावी, कर्मचाऱ्याने सहा महिने थांबायचे काही कारण नाही.

नोंदवही घरी ठेवावी, ऑफिसच्या संगणकावर नको. नोकरी गेली की कंपनीचा ईमेल त्याच दिवशी बंद होतो. व्हॉट्सअॅपवरचा संदेश पाठवणारा पुसून टाकू शकतो, म्हणून स्क्रीनशॉट लगेच काढावा. मात्र पुरावा म्हणून कंपनीची गोपनीय कागदपत्रे स्वतःच्या ईमेलवर पाठवू नयेत. त्या एका कारणाने तक्रारदारच बडतर्फ होतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. तक्रारीत मागणीही स्पष्ट हवी: चौकशी त्या मॅनेजरच्या हाताखालच्या माणसाकडे देऊ नये, चौकशी होईपर्यंत माझा रिपोर्टिंग अधिकारी बदलावा. पोच मागावी. पोच न देता फोनवरच बोलणारे, "दोघे समोरासमोर बसून मिटवा" म्हणणारे किंवा "आधी तक्रार मागे घ्या, मग बघू" म्हणणारे एचआर चौकशी करणार नाही, हे ओळखून पुढच्या दाराकडे वळावे.

पुढची दारे किती आहेत? खरी घंटा इथे वाजायला हवी. लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत. जातीय अपमानाला अॅट्रॉसिटी कायदा आहे. पण जात-लिंगाचा संबंध न आणता एखाद्याला वर्षभर रोज चिरडले, तर त्या छळाला नाव देणारा कायदा आपल्याकडे नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती सक्तीची आहे, तिने तीस दिवसांत निर्णय द्यायचा आहे. ही तरतूद वाटेल तितकी चांगली असो, व्यवस्थापकीय पदावरचा माणूस "कामगार" या व्याख्येत बसत नाही. पंधरा माणसांच्या दुकानातला, शाळेच्या कार्यालयातला, हॉटेलातला माणूस तर मोजणीतच नाही.

आणि फौजदारी कायद्यावर विसंबणाऱ्यांनी औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयाचे प्रकरण वाचावे. तिथल्या एका अधिकाऱ्याने 2017 मध्ये आत्महत्या केली. पत्नीची तक्रार होती की वरिष्ठ अवेळी आणि सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावीत, महिन्याचा पगार थांबवला, वेतनवाढ रोखण्याची धमकी दिली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो गुन्हाच रद्द केला. कामाचा भार टाकला, पगार थांबवला, एवढ्यावरून आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा हेतू गृहीत धरता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण त्याचा अर्थ असा की मेल्यानंतर न्याय मिळेल ही आशा जवळजवळ फोल आहे. जे काही करायचे ते जिवंतपणी, कागदावर आणि वेळेत. रात्री झोप उडाली असेल, मनात टोकाचे विचार येत असतील, तर तक्रारीचा मसुदा नंतर, आधी घरच्यांना सांगावे आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करावा.

आमची मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक आस्थापनेत, तिथे वीस माणसे असोत की आठ, लेखी तक्रारीला त्याच दिवशी पोच मिळाली पाहिजे आणि तक्रार घेणारा एक तरी माणूस त्या साहेबाच्या साखळीबाहेरचा असला पाहिजे. त्याचे नाव आणि फोन हजेरीच्या जागी लावावा. मिरजोळे, झाडगाव, लोटे इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी ठरवले तर सरकारी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. तक्रार निवारण समित्या जिथे कायद्याने सक्तीच्या आहेत तिथे त्या आहेत का, त्यांवरचे कामगार प्रतिनिधी कोण आणि शेवटची बैठक कधी झाली, याची यादी कामगार खात्याच्या रत्नागिरी कार्यालयाने जाहीर करावी. यादी कोरी निघाली तरी ती छापायला आम्ही तयार आहोत.