रात्री साडेनऊचा वेग सांगा

मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), आणि घरोघरी फायबर पोचवणाऱ्या कंपन्यांचे जबाबदार अधिकारी,



आमच्या सोसायटीत इंटरनेटच्या दोन कंपन्या आहेत. एकीचा प्लॅन 100 एमबीपीएसचा, दुसरीचा 75 चा, आणि महिन्याचे पैसे जवळपास सारखे. सगळ्या इमारतीने मिळून एकाच कंपनीशी दर ठरवायचा असं निघालं, तेव्हा सदस्यांनी ग्रुपवर स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट टाकले. कोणी वेळ लिहिली, कोणी नाही. त्यातले दोन संच मात्र नीट घेतलेले होते: लॅपटॉप केबलने राउटरला जोडलेला, सर्व्हर दर वेळी तोच आणि वेळाही त्याच.

पहिल्या कंपनीचे आकडे असे. सकाळी सहाला 98, अकराला 96, दुपारी चारला 95, रात्री साडेनऊला 31 आणि पावणेबाराला 88. दुसरीचे त्याच वेळांचे आकडे 72, 70, 71, 66 आणि 69. सरासरी काढली तर पहिलीची 81.6 येते, दुसरीची 69.6. बैठकीत सरासरीच वाचून दाखवली गेली आणि पहिली कंपनी जिंकली.

माझं मत उलट आहे. पहाटेचे 98 एमबीपीएस वापरतो कोण? घरात मुलांचा ऑनलाइन क्लास, टीव्हीवर सिनेमा, एखाद्याची अमेरिकेतल्या ऑफिसबरोबर मीटिंग हे सगळं रात्री आठ ते अकरामध्ये एकदम चालतं. त्या वेळी पहिली कंपनी विकलेल्या वेगाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी देते आणि दुसरी 88 टक्के देते. सातत्य मोजायचं तर सरासरी बाजूला ठेवून सर्वांत खालचा आकडा बघावा आणि तो रोज त्याच सुमारास येतो का ते बघावं. एखाद्या रात्री 31 आला तर काहीतरी बिघाड असेल. रोज साडेनऊच्या आसपासच येत असेल, तर लाइन जेवढी पेलते त्यापेक्षा जास्त गिऱ्हाइकं तिच्यावर बसवलेली आहेत.

त्याच स्क्रीनशॉटवर आणखी एक आकडा असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. पिंग हल्ली तीन वेळा दाखवतात: लाइन मोकळी असताना, डाउनलोड चालू असताना आणि अपलोड चालू असताना. पहिल्या कंपनीच्या रात्रीच्या टेस्टमध्ये मोकळ्या लाइनचा पिंग 11 मिलिसेकंद होता आणि डाउनलोड चालू असताना 240. समोरच्याचा आवाज तुटतो, चित्र गोठतं आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात, त्याचं कारण या 240 मध्ये असतं. व्हिडिओ कॉलला 31 एमबीपीएस खरं तर भरपूर झाले. पण डाउनलोडच्या रांगेत त्याची पाकिटं अडकून पडली की वेगाचा काही उपयोग राहत नाही.

आता कंपन्यांच्या बाजूनेही बोलतो, कारण ग्रुपवरचे निम्मे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून टाकाऊच होते. बरेचसे वायफायवर, बेडरूममधून घेतलेले. रात्री नऊला शेजारपाजारचे सगळे राउटर एकदम कामाला लागतात आणि 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गर्दी होते. म्हणजे वायफायही नेमकं त्याच वेळी मंदावतं आणि दोष कंपनीच्या माथी जातो. केबल लावल्याशिवाय हे दोन्ही वेगळं करता येत नाही. एका घरात 200 चा प्लॅन असून आकडा दिवसरात्र 94 वर अडलेला होता. तिथे कंपनीचा काही दोष नव्हता. राउटरचं पोर्ट 100 एमबीपीएसचं असलं, किंवा केबलमधली एक जोडी तुटली, की वेग बरोब्बर तिथेच थांबतो. आणि महिन्याच्या शेवटी चोवीस तास वेग पडलेला असेल, तर आधी डेटाची मर्यादा संपली का ते पाहावं. गर्दीचा खड्डा रात्री पडतो आणि झोपायच्या वेळेला भरून येतो. मर्यादेमुळे पडलेला वेग नवीन महिना सुरू होईपर्यंत तसाच राहतो.

पण कस्टमर केअरचं एक उत्तर मात्र मी मान्य करणार नाही. तक्रार केली की ते म्हणतात, ‘सर, आमच्या सर्व्हरवर टेस्ट करा.’ तिथे केली की रात्री साडेनऊलाही 95 येतात आणि तक्रार बंद होते. कंपनीचा सर्व्हर कंपनीच्याच जाळ्यात बसलेला असतो. आपल्या घरापासून तिथपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, एवढंच त्यातून कळतं. जाळ्याबाहेर जाणारी वाट अरुंद असेल तर ती या टेस्टमध्ये येतच नाही. म्हणून एकाच वेळी, पाठोपाठ दोन टेस्ट घ्यायला हव्यात: एक कंपनीच्या सर्व्हरवर, एक मुंबईतल्या दुसऱ्या एखाद्या जाळ्यातल्या सर्व्हरवर. दोन्हीकडे वेग पडला तर अडचण आपल्या गल्लीतल्या फायबरवर आहे. नेहमीच्या जीपॉन फायबरमध्ये सुमारे 2.5 गिगाबिट एका धाग्यावरून येतात आणि बहुतेक ठिकाणी ते 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. फक्त बाहेरच्या सर्व्हरवर पडला, तर कंपनीने पुढची लाइन पुरेशी घेतलेली नाही. पहिल्या कंपनीचं दुखणं हे दुसरं होतं: आतल्या सर्व्हरवर 95 आणि त्याच मिनिटाला बाहेरच्यावर 31.

ट्रायला मला इथेच काही म्हणायचं आहे. 2006 च्या आपल्या ब्रॉडबँड नियमांत, विकलेल्या वेगाच्या 80 टक्क्यांहून अधिक वेग मिळालाच पाहिजे अशी अट होती, पण ती मोजायची होती कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत. म्हणजे आमच्या पहिल्या कंपनीचा आकडा त्या अटीत आरामात बसला असता. त्याच नियमांत कंपनीच्या अंतर्गत लिंक गर्दीच्या तासाला 80 टक्क्यांहून अधिक भरू नयेत असंही होतं. गर्दीचा तास हाच कसोटीचा तास, हे आपल्याला तेव्हाच मान्य होतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून नवे नियम लागू झाले. तरीही प्लॅनच्या जाहिरातीत ग्राहकाला दिसतो तो आकडा ‘पर्यंत’चाच.

ब्रिटनमध्ये मे 2018 पासून जाहिरातीत तोच सरासरी वेग छापता येतो, जो रात्री आठ ते दहा या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळतो. ऑस्ट्रेलियात संध्याकाळी सात ते अकराचा नेहमीचा वेग सांगण्याची पद्धत स्पर्धा आयोगाने रुजवली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तर 80 टक्के ग्राहकांना गर्दीच्या वेळेपैकी 80 टक्के वेळ किमान किती वेग मिळतो, असंच माप वापरलं. यात कुठली अवघड विद्या नाही, आणि असा आकडा काढायला लागणारी माहिती कंपन्यांच्या यंत्रणेत रोज जमा होतेच.

तेव्हा मागणी एवढीच. प्रत्येक प्लॅनच्या किमतीशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात, रात्री आठ ते अकराचा वेग छापायला लावा, आणि तो कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या सर्व्हरवर मोजलेला असू द्या. शेजारी डाउनलोड चालू असतानाचा पिंगही द्या. तक्रार बंद करताना बाहेरच्या सर्व्हरवरची टेस्ट जोडणं कंपनीला सक्तीचं करा. आणि कंपन्यांनो, नियम येईपर्यंत थांबायची गरज नाही. रात्रीचा आकडा चांगला असेल तर तुम्हीच आधी छापा. तो वाचून कंपनी बदलणारे लोक आमच्या इमारतीतही आहेत.

आपला,
पुण्यातला एक ग्राहक